पिंजऱ्यातला पक्षी जुना का होत नाही?

घरात कशाची कमी नाही, पण मनासारखं वागायची मोकळीक नाही, अशा एखाद्या सुनेबद्दल बोलताना आपण सहज म्हणून जातो, ‘सोन्याचा पिंजरा आहे हो.’ असं म्हणताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ना सोनं असतं, ना गज, ना पक्षी. ऐकणाऱ्यालाही काही दिसत नाही. त्याला अर्थ तेवढा कळतो आणि गप्पा पुढे सरकतात. इतक्या वेळा वापरली गेल्यामुळे या प्रतिमेतलं चित्र पुसलं गेलं आहे आणि नुसता निरोप उरला आहे.

आणि तरीही कधीतरी हाच पक्षी, हाच पिंजरा एखाद्या कवितेत भेटतो आणि आपण हलून जातो. शेकडो वर्षं, अनेक भाषांमधून वापरलेली ही प्रतिमा एका ठिकाणी निर्जीव आणि दुसऱ्या ठिकाणी धगधगती का असते? कवीनं नेमकं काय केलेलं असतं? ‘प्रतिभा’ एवढं उत्तर देऊन थांबायची गरज नाही. काही कविता जवळून पाहिल्या की ही क्रिया कशी घडते, ते पायरीपायरीनं दाखवता येतं.

प्रतिमेचे सुटे भाग

आधी ही प्रतिमा उघडून पाहू. तिच्यात पक्षी आहे, पिंजरा आहे आणि पिंजऱ्याला दार आहे. ते दार ज्याच्या हातात आहे तो धनी आहे. बाहेर आभाळ किंवा रान आहे. आणि बहुतेक वेळा पक्ष्याचं गाणं आहे, म्हणजे ते ऐकणारा कोणीतरी आहे.

रुळलेल्या वापरात या प्रत्येक भागाचा अर्थ आधीच ठरलेला असतो. पक्षी म्हणजे निरपराध जीव, पिंजरा म्हणजे अन्याय, धनी म्हणजे जुलमी, आभाळ म्हणजे स्वातंत्र्य आणि गाणं म्हणजे दुःख. वाचकाला ‘पिंजरा’ एवढं दिसलं की बाकीचं तो स्वतःच भरून टाकतो. कवीनं पुढे काय लिहिलं आहे, हे पाहायची त्याला गरजच पडत नाही.

याचाही उपयोग असतो. सावरकरांनी 1909 साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर ‘सागरा प्राण तळमळला’ रचलं, तेव्हा स्वतःच्या अवस्थेसाठी पिंजऱ्यातला पोपट आणि पाशात शिरलेलं हरिण या दोन उपमा त्यांनी लागोपाठ योजल्या. तिथे पोपटाकडे टक लावून पाहायला सवड नाही आणि तशी अपेक्षाही नाही. त्या कवितेचं नवेपण समुद्राला समोर उभं करून, दिलेल्या वचनाचा जाब विचारण्यात आहे. पोपटाची उपमा पटकन अर्थ पोचवते आणि बाजूला होते. रुळलेली प्रतिमा अशा कामाला उत्तम. अडचण येते ती संपूर्ण कविताच या पक्ष्यावर उभी करायची असते तेव्हा. मग ठरलेले अर्थ मोडावे लागतात.

त्यासाठी सगळेच भाग बदलावे लागतात असं नाही. सुंभानं विणलेल्या बाजेचा एका कोपऱ्यातला पीळ ओढला की सगळी वीण हलते, ताणली जाते. चांगला कवी असा एकच पीळ ओढतो. एका भागाचा ठरलेला अर्थ बदलतो आणि उरलेल्या भागांचे अर्थ वाचकाला नव्यानं लावावे लागतात. कोणता पीळ ओढला, ते आता पाहू.

गाणं: डनबार आणि वॉशिंग्टनचं ग्रंथालय

पॉल लॉरेन्स डनबार हा अमेरिकन कृष्णवर्णीय कवी. जन्म 1872 चा, ओहायो राज्यातल्या डेटन गावचा. त्याचे आईवडील दोघंही केंटकीमध्ये गुलामगिरीत राहिलेले. शाळेत हुशार असूनही गोऱ्यांच्या कचेऱ्यांमध्ये त्याला काम मिळेना, म्हणून त्यानं एका इमारतीत लिफ्ट चालवण्याची नोकरी धरली आणि तिथेच कविता लिहिल्या. पुढे नाव झाल्यावर 1897 साली त्याला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोकरी लागली. पुढच्याच वर्षी त्यानं ती सोडली आणि 1899 साली त्याची ‘सिम्पथी’ ही कविता प्रसिद्ध झाली.

या कवितेचा उगम त्याची पत्नी ॲलिस हिनं 1914 साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, लिहून ठेवला आहे. ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्यांना लोखंडी जाळ्या होत्या. उन्हाळ्यात चौकातून ऊन आत उतरायचं आणि त्या जाळ्या तापायच्या. वैद्यकाच्या कोरड्या, धुळकट ग्रंथांमध्ये उभ्या असलेल्या या माणसाला बाहेरचं हिरवं जग आठवायचं. त्या तापलेल्या जाळ्यांमधून त्याला पिंजऱ्याचे गज सुचले, असं ती सांगते. म्हणजे कवितेतले गज कल्पनेतून आलेले नाहीत. रोज हाताला लागणाऱ्या लोखंडातून आलेले आहेत. पुढे तो क्षयानं वारला तेव्हा जेमतेम 33 वर्षांचा होता.

आता कवितेची बांधणी पाहा. तिच्यात सात ओळींची तीन कडवी आहेत. प्रत्येक कडव्यात कवी पक्ष्याबद्दलची एकेक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं सांगतो. पहिल्यात पक्ष्याला काय वाटतं, दुसऱ्यात तो पंख का आपटतो आणि तिसऱ्यात तो का गातो.

पहिल्या कडव्यात पक्ष्याचं वर्णन जवळजवळ नाहीच. तिथे आहे ते बाहेरचं जग: उतारावरचं ऊन, नव्या गवतातून जाणारा वारा, वाहती नदी, उमलू लागलेली कळी आणि तिचा मंद वास. वाचक पिंजऱ्यात शिरण्याआधी रानात फिरून येतो. पक्ष्याची तळमळ सांगण्याऐवजी डनबार वाचकालाच आधी ती ओढ लावतो. त्यामुळे पिंजरा आला की काय हिरावलं गेलं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या कडव्यात पंख गजांवर आपटून रक्त येतं. इतकं तर अनेक कवी लिहितील. डनबारची नजर त्यापुढच्या क्षणावर आहे. झुलत्या फांदीवर बसायची आस असलेल्या पक्ष्याला परत आतल्या दांडीवरच येऊन बसावं लागतं. आणि जखमा तर जुन्या आहेत. त्याच पुन्हा ठणकू लागतात. म्हणजे ही धडपड आज पहिल्यांदा झालेली नाही. ती आधीही झाली आहे आणि प्रत्येक वेळी इथेच संपली आहे. ‘जुने व्रण’ एवढ्या एका तपशिलानं एका प्रसंगामागे कितीतरी वर्षं उभी राहतात, आणि ती वर्षं एकट्या पक्ष्याची राहत नाहीत.

खरा पीळ ओढला जातो तो तिसऱ्या कडव्यात. पक्षी गातो म्हणजे आनंदात असेल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. कवी ठामपणे सांगतो की ते आनंदाचं गाणं नाही. ती काळजाच्या तळातून वर फेकलेली प्रार्थना आहे. इथे अचानक कवितेत एक नवं पात्र येतं, ते म्हणजे गाण्याचा चुकीचा अर्थ लावणारा श्रोता. आपण त्या पक्ष्याची कीव करत बाजूला उभे होतो. आता प्रश्न आपल्याकडे वळतो: ‘किती गोड गातोय’ असं म्हणणारे आपणच तर नव्हे?

चुकीचं ऐकणं

हा प्रश्न डनबारला का सुचावा, याची कारणं त्याच्या आयुष्यात आहेत. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हैतीच्या दालनात त्याला काम देणारे गृहस्थ होते फ्रेडरिक डग्लस. गुलामीतून पळून आलेले आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले मोठे वक्ते आणि लेखक. 1845 सालच्या आपल्या आत्मकथनात डग्लस यांनी गुलामांच्या गाण्यांबद्दल लिहिलं आहे. गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत, असं उत्तरेकडचे लोक समजतात हे पाहून त्यांना धक्का बसला होता. गुलाम सर्वाधिक गातो तो सर्वाधिक दुःखात असताना, असं त्यांनी स्वानुभवानं सांगितलं. या समजुतीमागे स्वार्थही होता: गाणारा माणूस सुखी आहे असं मानलं की त्याला सोडवायचं कारण उरत नाही.

डनबारच्या स्वतःच्या कवितेचंही असंच झालं. 1896 साली त्या काळचे मान्यवर समीक्षक विल्यम डीन हॉवेल्स यांनी त्याच्या संग्रहाची स्तुती केली आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. पण ती स्तुती मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या बोलीत लिहिलेल्या कवितांची होती. मग संपादकांना आणि गोऱ्या वाचकांना त्याच्याकडून तेवढंच हवंसं झालं. प्रमाण इंग्रजीतल्या गंभीर कवितांना गिऱ्हाईक कमी. हॉवेल्स यांच्या त्या अभिप्रायानं आपलं कायमचं नुकसान केलं, असं त्यानं पुढच्याच वर्षी एका पत्रात लिहिलं. गाणं सगळ्यांना आवडतंय, पण कोणी नीट ऐकत नाही, हा त्याचा रोजचा अनुभव होता.

पक्ष्यांच्या बाजूनंही हे तपासता येतं. बहुतेक गाणाऱ्या जातींत गाण्याचं मुख्य काम नर करतो, आणि त्याची दोन कारणं असतात: आपली हद्द राखणं आणि मादीला बोलावणं. अनेक जातींत जोडी न जमलेला नर जमलेल्यापेक्षा अधिक गातो. पिंजऱ्यात एकट्या ठेवलेल्या नराला मादी मिळणारच नसते, म्हणून त्याचं बोलावणं संपत नाही. घरातल्या माणसांना ती मैफल वाटते. पक्ष्याला दुःख कसं जाणवतं हे आपण त्याच्या गळ्यावरून ठरवू शकत नाही. पण ते गाणं आपल्यासाठी नसतं, एवढं नक्की.

ऐकणारा: माया अँजेलो

डनबारनंतर कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्यात हा पक्षी कायमचा वस्तीला आला. माया अँजेलो यांनी 1969 सालच्या आत्मकथेचं शीर्षक डनबारच्याच कवितेतून घेतलं. 1983 साली त्यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर स्वतंत्र कविता लिहिली. इतकी गाजलेली प्रतिमा हाती घेऊन वेगळं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच.

त्यांनी दोन बदल केले. डनबारचं गाणं वर, ईश्वराकडे जातं. अँजेलो यांचं गाणं आडवं पसरतं आणि दूरच्या टेकडीवर ऐकू येतं. प्रार्थनेला उत्तर मिळेल की नाही, हे देवावर सोपवावं लागतं. टेकडीवर मात्र माणसं असू शकतात. नागरी हक्कांच्या चळवळीत वावरलेल्या कवयित्रीला गाणं माणसांपर्यंत पोचतं, याचा अनुभव होता. एका दिशेच्या बदलानं एकाकी विनवणीची हाक झाली.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. डनबारचा पक्षी रान आठवतो. त्यानं ते पाहिलेलं आहे असं पहिल्या कडव्यावरून वाटतं. अँजेलो यांचा पक्षी जे ठाऊक नाही त्यासाठीच झुरतो. पंख छाटलेले, पाय बांधलेले, मोकळीक कधी चाखलेली नाही, आणि तरी ओढ आहे. जे भोगलंच नाही त्याची आठवण कशी येईल?

पक्ष्यांच्या अभ्यासात याच्याशी जुळणारी एक गोष्ट सापडते. स्थलांतर करणारे पक्षी पिंजऱ्यात ठेवले, तर स्थलांतराच्या हंगामात ते रात्री अस्वस्थ होतात, पंख फडफडवतात, उड्या मारतात. युरोपातल्या वटवट्यांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की लहानपणापासून माणसानं पिंजऱ्यात वाढवलेले, एकदाही प्रवास न केलेले पक्षीही नेमक्या त्याच हंगामात असे बेचैन होतात. प्रवासाची वेळ त्यांच्या शरीरातच लिहिलेली असते. कवितेला असल्या पुराव्याची गरज नाही. पण गुलामीत जन्मलेल्या माणसाला स्वातंत्र्याची ओढ कुठून येणार, असं म्हणणाऱ्यांना त्या कवितेनं दिलेलं उत्तर पिंजऱ्यातल्या खऱ्या पक्ष्याच्या वागण्याशी मिळतंजुळतं आहे.

पिंजरा: ज्ञानेश्वरांचा पोपट

आता एक असा बदल पाहू, ज्यात कवीनं पिंजराच काढून टाकला आहे. तो मराठीतला आहे आणि सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे.

पूर्वी पारधी पोपट धरायला नळीची युक्ती वापरत. दोरीत किंवा दोन आधारांच्या मध्ये एक मोकळी फिरणारी नळी अडकवलेली असे. पोपट येऊन तिच्यावर बसला की त्याच्याच वजनानं नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. पडण्याच्या भीतीनं तो नळी अधिकच घट्ट धरतो. पारधी सावकाश येतो आणि त्याला काढून घेतो. ही गोष्ट संस्कृतातही दृष्टान्त म्हणून चालत आली होती.

ज्ञानेश्वरीच्या (1290) सहाव्या अध्यायात, माणूस स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच स्वतःचा शत्रू असतो या गीतेच्या श्लोकावर भाष्य करताना ज्ञानदेव हा पोपट घेतात. दृष्टान्त एका ओळीत सांगून ते मोकळे होत नाहीत. ते पोपटाच्या अंगात शिरतात. नळी फिरली, आता त्यानं उडून जायला हवं, पण मनातली शंका जात नाही. तो उगीच मान पिळतो, छाती आवळतो, नळी घट्ट धरून बसतो. आपण बांधले गेलो आहोत या कल्पनेच्या खोड्यात तो पडतो आणि मोकळे असलेले पायच आणखी गुंतवून घेतो. मग ज्ञानदेव विचारतात: याला दुसऱ्या कोणी बांधलं आहे का, सांग बरं. आणि शेवटचा तपशील तर हादरवणारा आहे: अर्धा तोडून नेला तरी तो नळी सोडणार नाही.

इथे काय काय बदललं ते पाहा. गज नाहीत, दार नाही, कुलूप नाही. पारधी असेल, पण ज्ञानदेव त्याच्याकडे पाहतही नाहीत. बंधन तयार होतं ते पकडीतून, आणि पकड पोपटाचीच आहे. रुळलेल्या प्रतिमेत पक्षी निरपराध असतो. इथे तोच कैदी आणि तोच पहारेकरी. तरीही कवी त्याच्यावर दोष लादत नाही, कारण त्याची भीती शरीराच्या हालचालींतून इतकी खरी उतरली आहे की वाचकाला आपलीच आवळलेली मूठ आठवते.

या बदलाला एक मर्यादाही आहे आणि ती लक्षात ठेवायला हवी. हा पोपट अहंकाराच्या बंधनाचा आहे. ज्याच्याभोवती खरोखर लोखंडी गज आहेत त्याला ‘तूच नळी सोड’ असं सांगणं क्रूरपणा ठरेल. डनबारच्या पक्ष्याला हा दृष्टान्त लागू होत नाही, आणि डनबारचा पक्षी ज्ञानदेवांच्या साधकाला लागू होत नाही. प्रतिमा एकच दिसली तरी प्रश्न वेगळे असतात.

आभाळ: टागोरांचे दोन पक्षी

रवींद्रनाथ टागोरांच्या ‘सोनार तरी’ या 1894 सालच्या संग्रहात दोन पक्ष्यांवर एक कविता आहे. एक सोन्याच्या पिंजऱ्यातला, दुसरा रानातला. दोघांची गाठ पडते आणि प्रेम जुळतं. रानातला म्हणतो, चल वनात. पिंजऱ्यातला म्हणतो, तूच ये, इथे निवांत राहू. एक रानातली गाणी गातो, दुसरा शिकवलेले बोल बोलतो. एक विचारतो, इथे पंख पसरायला जागा कुठे? दुसरा उलट विचारतो, ढगात बसायला जागा कुठे?

पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा हा प्रश्न कवितेचा कणा आहे. आतापर्यंत आभाळ म्हणजे निखळ सुख होतं. टागोरांनी आभाळाकडे पिंजऱ्यातून पाहिलं, आणि तिथे टेकायला काही नाही हे एकदम दिसलं. पिंजऱ्यातला पक्षी मूर्ख ठरत नाही; त्याच्या आयुष्याच्या मोजमापानं त्याचा प्रश्न बरोबर आहे. शेवटी दोघे गजांमधून चोचीला चोच लावतात, पण एकाला दार बंद होण्याची भीती आहे आणि दुसऱ्याला उडायची ताकद नाही. जुलमी धनी कवितेत कुठे दिसत नाही, तरी वियोग टळत नाही.

दार: फरोखजादचं घरटं

फरोग फरोखजाद ही इराणची कवयित्री. सोळाव्या वर्षी लग्न झालं, 1955 साली घटस्फोट झाला आणि मुलाचा ताबा नवऱ्याकडे गेला. त्याच वर्षी ‘असीर’ हा तिचा पहिला संग्रह आला. त्याच नावाच्या कवितेत ती स्वतःला पिंजऱ्याच्या कोपऱ्यातला बंदी पक्षी म्हणते आणि प्रियकराला स्वच्छ आभाळ. इथवर सगळं फारसी काव्यपरंपरेला ओळखीचंच आहे.

पक्षी पळून जायची स्वप्नं पाहतो, पहारेकऱ्याला हसायची स्वप्नं पाहतो. मग गजांपलीकडून एक मूल हसतं. पक्षी गाऊ लागला की ते पापा घ्यायला ओठ पुढे करतं. पहारेकऱ्यानं मनात आणलं तरी उडायला आता श्वास उरलेला नाही, आणि उडून गेलंच तर त्या रडणाऱ्या डोळ्यांना सांगायचं काय? शेवटी ती स्वतःला मेणबत्ती म्हणते: एका भग्न जागेला स्वतःच्या जळण्यानं उजळणारी. ती विझली तर घरटं उधळलं जाईल.

‘घरटं’ या एका शब्दापाशी कवितेनं सगळी जुळणी फिरवली आहे. पक्ष्याचं खरं घर घरटं असतं आणि पिंजरा त्याच्या नेमका उलट. इथे जो पिंजरा तेच घरटं. बाहेर पडलं तर सुटका होते आणि मूलही हरवतं. दार बंद आहे की उघडं, हा प्रश्नच बाजूला पडतो. ज्ञानदेवांच्या पोपटाला भीती धरून ठेवते, या पक्ष्याला माया. दोघेही उघड्या जागेतून उडत नाहीत, पण एकाला ‘सोड’ म्हणता येतं आणि दुसरीला म्हणता येत नाही. सुरुवातीला सोन्याच्या पिंजऱ्यातल्या ज्या सुनेबद्दल आपण सहज बोलून गेलो, तिची कोंडी या कवितेत पहिल्यांदा पूर्ण दिसते.

प्रतिमा फसली हे कसं ओळखायचं?

कविता वाचताना किंवा लिहिताना एक सोपी चाचणी करता येते. ‘पक्षी’ असेल तिथे ‘कैदी’ आणि ‘पिंजरा’ असेल तिथे ‘तुरुंग’ घालून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर पक्षी तिथे नव्हताच. डनबारमध्ये असं केलं तर झुलती फांदी आणि आतली दांडी यांतला फरक जातो. फरोखजादमध्ये घरट्याचा पेचच उरत नाही. ज्ञानदेवांची नळी तर फिरणारच नाही.

दुसरी खूण विशेषणांची. भाग सगळे जुन्याच अर्थानं ठेवायचे आणि नुसता आवाज चढवायचा, म्हणजे पिंजरा ‘निर्दय’, पक्षी ‘व्याकूळ’, आभाळ ‘अथांग’, असं झालं की कवीनं काही पाहिलेलं नाही हे समजावं. वर पाहिलेल्या कवितांमध्ये जोर विशेषणांवर नाही. तो जुना व्रण, दूरची टेकडी, फिरती नळी, मुलाचा पापा अशा तपशिलांवर आहे.

तिसरी खूण शेवटाची. शेवटच्या ओळीत दार उघडतं आणि पक्षी भुर्रकन उडून जातो, हा शेवट फार स्वस्तात मिळतो. खऱ्या पक्ष्यांच्या बाबतीतही तो बहुधा खोटा असतो. वर्षानुवर्षं कोंडलेल्या पोपटाचे उडण्याचे स्नायू दुबळे होतात आणि अन्न शोधणं, शत्रू ओळखणं त्याला जमत नाही. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पण म्हणून घरातला पोपट नुसता खिडकीतून सोडून देणं ही त्याची सुटका नव्हे; त्याला वनखात्याकडे सोपवावं लागतं. सुटकेलाही तयारी लागते, हे ज्या कवितेला ठाऊक असतं तिचा शेवट आपोआप वेगळा होतो.

> थोडक्यात
>
> - नेहमीच्या वापरात पक्षी, पिंजरा, दार, धनी, आभाळ आणि गाणं यांचे अर्थ आधीच ठरलेले असतात. म्हणून वाचक चित्र न पाहताच अर्थ लावतो.
> - कवी यांतला एक भाग बदलतो आणि बाकीचे अर्थ वाचकाला नव्यानं लावावे लागतात.
> - डनबारनं गाण्याचा चुकीचा अर्थ लावणारा श्रोता दाखवला. अँजेलो यांनी गाण्याची दिशा बदलली आणि न अनुभवलेल्या मोकळिकीची ओढ मांडली.
> - ज्ञानदेवांनी पिंजरा काढून पकड दाखवली. टागोरांनी आभाळाला प्रश्न विचारला. फरोखजादनं पिंजरा आणि घरटं एकच केलं.
> - चाचणी: पक्ष्याच्या जागी ‘कैदी’ घातल्यावर कवितेचं काही बिघडत नसेल, तर प्रतिमा निर्जीव आहे.
> - पिंजऱ्यावरची नवी कविता वाचताना विचारायचा प्रश्न: यातला कोणता भाग कवीनं हलवला आहे, आणि त्यामुळे आपली कोणती ठाम समजूत हलली?